मदत हवी आहे: जाडजूड फँटसी वाचणारीला गोष्टीचा गेम सुचवा (साधा लॅपटॉप)

गोदाकाठची_वाचक

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, बँकेत नोकरी करते. गेली वीस-बावीस वर्षं रात्री झोपण्याआधी फँटसी कादंबऱ्या वाचते. सात-आठशे पानांचे खंड असतात आणि सुरुवातीला नकाशा असतो. त्या नकाशाची मी झेरॉक्स काढून ठेवते आणि कोणतं सैन्य कुठवर पोचलं ते पेन्सिलीने लावत जाते. सावाना वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर तसं करता येत नाही, म्हणून झेरॉक्स.

गेमकडे मी दिवाळीत पहिल्यांदा वळले. भाच्याने एक मोठा गाजलेला गेम लावून दिला (नाव लिहीत नाही). त्यात एका गावात धान्य चोरणारा माणूस पकडून माझ्यापुढे उभा केला. फाशी द्यायची की सोडायचं? मी अर्धा तास विचार केला. घरात तीन पोरं, बायको आजारी असं तो सांगत होता. सोडला. भाचा म्हणाला, "मावशी, थांब, दुसरं बघू," आणि मागे जाऊन त्याने फाशी दिली. गावातला एक म्हातारा एक वाक्य वेगळं बोलला. पुढचं सगळं तेच. त्या दिवसापासून माझा विश्वास उडाला.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. ते जग मला चालता चालता कळावं, बाजूला ज्ञानकोश उघडून वाचायला लागू नये. आणि मी काही निवडलं तर त्याची किंमत मला मोजावी लागावी. अडचणी अशा: ऑफिसचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पटापट बटणं दाबणं मला जमत नाही. बॅटरी मेली आहे, त्यामुळे पावसात लाईट गेली की लॅपटॉप बंद. इंग्रजी वाचनाची अडचण नाही. काय खेळू?

सिडकोचा_संकेत

विचर ३. डोळे झाकून. २०१५ चा आहे पण अजून तोड नाही. त्यात एका टेकडीवर झाडाच्या मुळांत एक आत्मा कोंडलेला असतो. त्याला सोडलं तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात, पण त्याची भरपाई दुसरंच एक घर करतं, आणि ते तुम्हाला कितीतरी वेळाने कळतं. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

मखमलाबादकर

संकेत, अर्धी गोष्ट सांगून टाकलीस की. शिवाय ताईंनी लॅपटॉप लिहिलाय तो वाच. ग्राफिक्स कार्डाशिवाय तो गेम रखडत चालेल, आणि लढाई सगळी बोटांच्या चपळाईची.

सिडकोचा_संकेत

लॅपटॉपचं वाचायचं राहिलं, सॉरी. पण निवड अशी असावी, एवढं माझं खरं धरा.

जुना_फासा

संकेतचं म्हणणं बरोबर आहे, त्या टेकडीची किंमत उशिरा येते म्हणून ती लागते. पण ताई, तुमच्या चोराच्या प्रसंगात गोम वेगळी होती. तुम्ही चोराला सोडलंत तेव्हा तुमच्या गाठीचं काहीच गेलं नाही. धान्य गावाचं, चोर गावाचा. निवड खरी आहे का ते ओळखायला मी एकच बघतो: जे मी दयेपोटी देतो तेच मला उद्या जगायला लागणार आहे का?

त्यासाठी तुम्हाला द बॅनर सागा सुचवतो. २०१४ चा पहिला भाग, एकूण तीन. हाताने काढलेली चित्रं आहेत, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. माझ्या ४ जीबीच्या जुन्या मशीनवर निवांत चालला. लढाई चौकटींच्या पटावर, आळीपाळीने. तुमची खेळी येईल तेव्हा चहा करून आलात तरी कुणी थांबवत नाही.

गोष्ट अशी की सूर्य आकाशात थांबलाय, उत्तरेकडून ड्रेज नावाचे दगडी चिलखतातले शत्रू उतरतायत, आणि तुम्ही गाव सोडून पळालेल्यांचा तांडा घेऊन चालताय. वर पडद्यावर आकडे दिसतात: साधी माणसं किती, लढवय्ये किती, वार्ल नावाचे शिंगंवाले किती, आणि अन्न किती दिवसांचं.

आता मुख्य गोष्ट. गेममध्ये चलन एकच, रिनाऊन. लढाईत शत्रू पाडले आणि काही प्रसंग नीट निभावले की ते मिळतं. त्याच रिनाऊनमधून तांड्याचं अन्न घ्यायचं, त्यातूनच तुमच्या योद्ध्यांची रँक वाढवायची, आणि ताईत-बिईतही त्यातूनच. वेगळं खातं नाही. म्हणजे नायकाची पोर धनुर्धारीण म्हणून पुढे सरकायला तयार झालीय, आणि त्याच गावात तांड्यात चार दिवसांचं अन्न उरलंय. तिला वाढवलं तर पुढची लढाई सोपी. नाही वाढवलं तर माणसं जेवतील, पण लढाईत कुणीतरी जखमी होईल. जखमी बरा व्हायला मुक्काम करावा लागतो, आणि मुक्काम म्हणजे पुन्हा अन्नाचे दिवस. अन्न संपलं की वरचा माणसांचा आकडा रोज उतरायला लागतो. वाटेत भुकेले निर्वासित भेटतात, "आम्हाला सोबत घ्या" म्हणतात. तेव्हा तुम्हाला त्यांची दया येईल आणि लगेच डोळे अन्नाच्या आकड्याकडे जातील. हाच क्षण तुम्ही मागताय असं मला वाटतं.

जगाचंही तसंच. वार्ल म्हणजे शिंगंवाले राक्षसी उंचीचे लोक. त्यांना एका देवाने घडवलं, तो देव मेला, त्यांच्यात स्त्रिया नाहीत, म्हणून नवा वार्ल आता जन्माला येणार नाही. हे बोलण्यातून तुटक तुटक कळतं. पण एकदा कळलं की वरचा वार्लचा आकडा दोनाने उतरला तरी पोटात कालवतं. आणि तुमच्यासाठी खास म्हणजे नकाशा. गावांवर, डोंगरांवर क्लिक करून त्यांची हकिकत वाचता येते. हवी तर वाचा, नाही तर पुढे चला.

सेव्ह आपोआप होतो, हवा तिथे करता येत नाही. लाईट गेली तर फार मागे जावं लागत नाही, पण लढाईच्या मध्यात गेली तर ती लढाई पुन्हा.

चांदवडचा_धनुर्धर

बॅनर सागाच्या निवडी नुसत्या दिखाव्याच्या आहेत. मी दोनदा खेळलो. रस्ता तोच, गावं तीच, शेवटची लढाईही तीच.

जुना_फासा

रस्ता ठरलेला आहे, हे खरं. शेवटाला कोण पोचतं ते ठरलेलं नाही. आणि पहिल्या भागाचा सेव्ह दुसऱ्यात नेता येतो, दुसऱ्याचा तिसऱ्यात. पहिल्यात गेलेला माणूस पुढे नसतोच. तुम्ही पहिलाच भाग दोनदा खेळलात का?

चांदवडचा_धनुर्धर

हो, पहिलाच. तरी एक सांगतो. काही माणसं अशी मरतात की आधी काही चाहूलच नसते. एका साध्या वाटणाऱ्या उत्तरावर माणूस गेला. याला निवड म्हणायचं की लॉटरी?

जुना_फासा

याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन-तीन जागी मलाही ते अन्यायाचंच वाटलं.

इंदिरानगर_आई

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, दिवसभर मोबाईलवर लढाईचे गेम. हा गेम मोबाईलवर मिळतो का? निदान वाचेल तरी.

मखमलाबादकर

आयपॅडवर मी पहिले दोन भाग खेळलोय, तिसरा मोबाईलला आलाच नाही. पण ताई, यात माणसं मरतात, तांडा उपाशी राहतो. अकराव्या वर्षी एकट्याने देण्यापेक्षा शेजारी बसून खेळा.

ओव्या_आणि_आख्यानं

मी लोककथा शिकवते, गेम फार थोडे खेळलेत, पण एक मला सोडवत नाही, तो किंग ऑफ ड्रॅगन पास. मूळ १९९९ चा. ग्लोरांथा नावाचं जग आहे, ग्रेग स्टॅफर्ड यांनी घडवलेलं. तुम्ही एका टोळीचे प्रमुख. संपत्ती म्हणजे गायी. सात सल्लागार असतात, आणि प्रत्येक जण आपल्या देवाच्या स्वभावाने सल्ला देतो.

यात एक प्रकार आहे, देवाची कथा स्वतः जगायची. उदाहरणार्थ ऑर्लान्थ या वादळाच्या देवाने अरोका नावाच्या निळ्या ड्रॅगनला मारून त्याने गिळलेला पाऊस सोडवला. तुमच्या टोळीतला एक जण त्याच कथेत पाऊल टाकतो, आणि प्रत्येक वळणावर देवाने काय केलं होतं ते तुम्हाला आठवावं लागतं. कथा गेममध्येच वाचायला मिळते, पण आत गेल्यावर समोर नसते. मला आमच्या गावची आजी आठवली. कीर्तनातलं आख्यान चुकलं की ती बुवांना थांबवायची.

नैतिक निवडीबद्दल सांगायचं तर इथे उत्तर तुमच्या मनाचं नसतं, त्या टोळीचं असतं. शेजारच्या टोळीने माणूस मारला. मी समजूतदारपणे माफ केलं. देव रुसले नाहीत, पण आमच्याच लोकांना ते भेकडपणाचं वाटलं. मला जे चांगलं वाटत होतं ते त्या जगात चांगलं नव्हतं. फँटसी वाचणाऱ्याला हे कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. चित्रं स्थिर, घाई कसलीच नाही, कसल्याही लॅपटॉपवर चालावा.

मखमलाबादकर

ज्ञानकोश नको असेल तर टिरनीचं (२०१६) नाव घेऊन ठेवतो. त्यात संवादातले काही शब्द रंगीत असतात, त्यांच्यावर माऊस नेला की तुमच्या पात्राला जेवढं माहीत आहे तेवढंच दिसतं. दुष्ट सम्राटाने जग जिंकून झालंय आणि तुम्ही त्याचेच न्यायाधीश. सोबत्यांची निष्ठा आणि भीती वेगवेगळी मोजली जाते, त्यामुळे एकच माणूस तुमच्यावर जीव टाकतो आणि तुम्हाला टरकतोही. शेवट मात्र घाईत आटोपल्यासारखा वाटतो. लढाई चालू असताना थांबवता येते, तरी ताईंना ती जड जाईल.

ताई, स्टीमवर घेतलंत तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. लॅपटॉपवर चालतो की नाही ते तेवढ्यात कळतं.

गोदाकाठची_वाचक

सगळ्यांचे आभार. दहा दिवस झाले, बॅनर सागा घेतला. लॅपटॉप गरम होतो, पण चालतो.

काल रात्रीचं सांगते. बाजाराच्या गावात पोचले. अन्न तीन दिवसांचं. ॲलेट, म्हणजे नायकाची मुलगी, रँक वाढवायला तयार. रिनाऊन एकाच कामाला पुरत होतं. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून भांडी घासायला गेले, घासता घासता विचार केला. परत येऊन अन्न घेतलं. पुढच्या लढाईत ती जखमी झाली. यात ताकद आणि जीव एकच धरलेत, त्यामुळे जखमी पोरीचा बाण शत्रूला लागूनही काही होईना. मग मुक्काम केला, अन्न पुन्हा संपलं, आणि सकाळपर्यंत वरचा माणसांचा आकडा उतरला. मला त्यांची नावंही माहीत नव्हती. पेन्सिलीने गेमच्या नकाशाच्या झेरॉक्सवर त्या जागी छोटी फुली केली.

भाचा म्हणतो, मागच्या प्रकरणापासून सुरू कर, मुलीला आधी वाढव, सगळे वाचतील. मला तसं करवत नाहीये. पण तांडा उपाशी आहे हेही बघवत नाही. तुम्ही काय केलं असतंत?

सिडकोचा_संकेत

मागे जा. पहिलाच गेम आहे तुमचा, नियम कळायच्या आधी माणसं मारली गेली.

जुना_फासा

मी गेलो नसतो. फक्त आता मुक्काम कमी करा, जखमी असली तरी चालत राहा. आणि तिला मागच्या ओळीत उभी करा.

ओव्या_आणि_आख्यानं

ती फुली खोडू नका, मागे गेलात तरी.