पश्चिमेचं सिटआउट: परगोला की पडवी?

> «रत्नागिरीजवळ घर बांधतोय. पश्चिमेला ८ फूट खोल सिटआउट आहे. ९ फुटांवर परगोला करून वर पॉलिकार्बोनेट टाकलं तर पाऊस अडेल का?»

वरून पडणारा अडेल, पण कोकणात पाऊस आडवा येतो. वाऱ्याने सरी ४५ अंशांत कलल्या की कडेची उंची जेवढी, तेवढंच पाणी आत येतं. म्हणजे ९ फुटांच्या कडेखाली तुमची आठही फूट फरशी भिजणार.

म्हणून तिथे परगोला नको, उतरतं कौलारू छप्पर करा. फरशीपुढे ३ फूट वळचण काढा आणि तिची कड जमिनीपासून नव्हे, सिटआउटच्या फरशीपासून ७ फुटांवर ठेवा. मग त्याच सरीत पाणी ४ फूटच आत येईल, भिंतीलगत बसायला ४ फूट कोरडे राहतील. उतार २५ अंशांचा धरला तर ११ फुटांत छप्पर साधारण ५ फूट चढतं, म्हणून भिंतीशी ते १२ फुटांवर टेकेल. एवढी भिंत मिळते का, हे आधी पाहा. नाही म्हणून उतार कमी केलात, तर जोराच्या वाऱ्यात पाणी कौलांच्या सांध्यांतून मागे चढतं.

हीच खाली आलेली कड दुपारचं ऊनही अडवते. सूर्य अगदी कलल्यावर मात्र ती पुरत नाही, तेव्हा बांबूची चिक सोडा. पावसाळ्यात तिथेच माडाचे झाप बांधता येतात.

परगोल्याची हौस असेल तर तो पूर्वेला करा आणि वर वेल चढवा. पॉलिकार्बोनेट सपाट बसवलं की पाणी साचतं, स्क्रूच्या भोकांतून गळतं, आणि उन्हाळ्यात खाली बसवत नाही.