कुटुंबाच्या ग्रुपवर जाऊबाईंनी टोमणा मारला आहे. भांडण न वाढवता काय उत्तर देऊ?

सायली_पुणे

काल रात्रीपासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून इथे विचारते. आमच्या घरचे गौरी-गणपती वाईला मोठ्या दिरांकडे असतात. मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. यंदा गौरींच्या तिन्ही दिवसांत माझी ड्युटी लागली. बदली मागितली, पण मिळाली नाही. पूजनाच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर अकरा मोदक केले आणि त्यांचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. रात्री पावणेदहाला मोठ्या जाऊबाईंनी लिहिलं, "मोदक छान झालेत. गौरींना मात्र सुट्टी मिळत नाही हो, त्या येतातच." पुढे हसरा चेहरा.

ग्रुपवर सत्तावीस जण आहेत आणि बहुतेकांनी ते वाचलंय. दोन पुतण्यांनी हसून दाखवलं, एका आत्याबाईंनी हात जोडले. माझे मिस्टर लगेच उत्तर द्यायला निघाले होते, त्यांना थांबवलं. मी एवढं लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही:

"वहिनी, माझी ड्युटी होती. सुट्टी मागूनही मिळाली नाही. आणि गेल्या वर्षी मी तीन दिवस राबले ते कुणाला आठवत नाही."

हे पाठवू का? गप्प बसले तर सगळ्यांना वाटेल की मी मान्यच केलं.

दत्ता_काका

गप्प बसा. कुटुंबाच्या ग्रुपवरचं काहीही दोन दिवसांत वर सरकतं. विसर्जनाचे फोटो आले की कुणाला आठवणारही नाही. तीस वर्षांच्या संसारात मी हेच शिकलोय.

सायली_पुणे

काका, पहिल्यांदा घडलं असतं तर गप्प बसलेच असते. दिवाळीत आणि पुतणीच्या बारशाला असंच झालं, दोन्ही वेळा मी काही बोलले नाही. आता तर मिस्टरांचाच पारा चढलाय.

सोसायटी_सचिव

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून असंच व्हायचं. शेवटी फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करून टाकलं. तेव्हापासून शांतता आहे. तुमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण आहे?

सायली_पुणे

अ‍ॅडमिन मोठे दीरच आहेत. त्यांना हे सांगणं म्हणजे नवरा-बायकोत भांडण लावणं. तुमचं सोसायटीत चाललं असेल, इथे नाही जमायचं.

मीनाक्षी_ताई

मी बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते आहे. अलीकडे निम्मी भांडणं मोबाइल समोर धरूनच दाखवली जातात.

आधी तुमचा मजकूर पाहू. त्यात तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी कामं करतात. "ड्युटी होती" ही माहिती. "मागूनही मिळाली नाही" हा बचाव, आणि सत्तावीस जणांपुढे बचाव केला की उलटतपासणी सुरू होते. कुणीतरी "नोकऱ्या सगळ्यांनाच असतात" म्हणणारच. तिसरं वाक्य हा सरळ हल्ला. तो वहिनींवर आहे असं तुम्हाला वाटतंय, पण "कुणाला" या शब्दात सासूबाईही आल्या आणि आत्याबाईही.

आता वहिनींचं वाक्य बघा. टोमण्याच्या पोटात बहुतेक वेळा एखादी खरी तक्रार असते, ती सरळ बोलता येत नाही म्हणून वाकडी येते. यंदा पूजनाचा स्वयंपाक कोणी केला?

सायली_पुणे

त्यांनीच. आमच्याकडे सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या असतात. दरवर्षी भाज्या निवडणं, चिरणं आणि पोळ्या लाटणं माझ्याकडे असतं. खरं सांगायचं तर मी हा विचारच केला नव्हता. सासूबाई असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहता येत नाही.

मीनाक्षी_ताई

मग त्यांच्या जागी उभं राहून तो फोटो बघा. सोळा भाज्या करून, भांडी आवरून पाठ टेकली आणि मोबाइलवर तुमचे अकरा मोदक दिसले. बोलायची पद्धत चुकली, पण दुखणं खरं आहे. उत्तर त्या दुखण्याला द्या, टोमण्याला नको. ग्रुपवर दोन-तीन वाक्यं पुरेत, बाकीचं फोनवर. असं काहीतरी:

"वहिनी, यंदा गौरींना येता आलं नाही, खरं आहे. सगळं तुमच्या एकटीवर पडलं. उद्या दुपारी फोन करते."

कऱ्हाडची_सून

ताई, "एकटीवर" नको! सासूबाई वाचतील, त्यांना वाटेल आपण काहीच केलं नाही असं म्हणतेय. शिवाय दीर घरात असून हातभार लावत नाहीत, हेही त्यातून निघतं. आमच्याकडे अशाच एका शब्दावरून वर्षभर अबोला होता.

मीनाक्षी_ताई

अगदी बरोबर, माझ्या लक्षात आलं नाही. "सोळा भाज्या आणि पुरणाचा स्वयंपाक तुम्ही सांभाळलात" असं लिहा. त्यात कौतुक आहे आणि कुणाचं उणं निघत नाही.

आणखी थोडं. मजकूर ग्रुपच्या चौकटीत लिहीत बसू नका. तुम्ही टाइप करताय हे सगळ्यांना दिसतं, पाच मिनिटं दिसलं तर लोक भांडणाची वाटच बघतात. नोट्समध्ये लिहा आणि सकाळी एकदा वाचून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांत दुरुस्ती करता येते, पण Edited असं खाली राहतं. पुसून टाकलं तरी पुसल्याची खूण उरते, आणि काय होतं याचे तर्क मूळ वाक्यापेक्षा वाईट असतात.

त्यांचा मेसेज ओढून त्याखाली उत्तर देऊ नका. तसं केलं की टोमणा पुन्हा वर येतो आणि काल ज्यांनी पाहिला नाही तेही वाचतात. नुसतं "वहिनी" म्हणून सुरुवात करा. शेवटी हसरा चेहरा किंवा जोडलेले हात नकोत. साध्या वाक्यापुढे तेही तिरकस वाटतात. "पण" हा शब्द कुठेही आला तर काढा.

निखिल_ठाणे

एवढं गंभीर कशाला? "पुढच्या वर्षी गौरींनाच रजेचा अर्ज द्यायला सांगते" असं लिहून मोकळं व्हायचं. हसण्यावारी गेलं की विषय संपला.

कऱ्हाडची_सून

निखिल, दोघींत एरवी थट्टा चालत असेल तरच. इथे दोनदा मन दुखावलंय. थट्टेला थट्टा दिली की त्याच्यावर आणखी एक येते, आणि ती घरातल्या देवाची थट्टा ठरली तर आत्याबाईही उतरतील. मला मात्र वाटतं, सायलीने "माफ करा" एवढं म्हणावं. मोठ्यांपुढे वाकल्याने काही जात नाही.

मीनाक्षी_ताई

इथे माझं मत वेगळं आहे. ड्युटी केली हा काही अपराध नव्हे. एकदा सर्वांसमोर माफी मागितली की पुढच्या वर्षीही तीच अपेक्षा राहील. हा निर्णय सायलीनेच घ्यावा.

सायली_पुणे

सकाळी साडेआठला पाठवलं: "वहिनी, यंदा गौरींना येता आलं नाही, खरं आहे. सोळा भाज्या आणि पुरणाचा स्वयंपाक तुम्ही सांभाळलात. दुपारी फोन करते." माफी लिहिली नाही. त्यांनी फक्त अंगठा दाखवला. नंतर सासूबाईंनी गौरींच्या मुखवट्यांचे फोटो टाकले आणि सगळे तिकडे वळले.

दुपारी फोन केला. आधी म्हणाल्या, "मी सहज लिहिलं होतं." मी वाद घातला नाही, भाज्या कशा निभावल्या ते विचारलं. मग बोलत्या झाल्या. पहाटे चारला उठल्या होत्या, पुरण सैल झालं, पोळ्या फाटल्या. त्यांना माझ्या न येण्याचं तितकं वाईट वाटलं नव्हतं. येणार नाही हे मी दिरांना कळवलं आणि त्यांना सांगितलंच नाही, हे लागलं होतं. ते माझं चुकलंच, आणि फोनवर मी तसं म्हटलं. ग्रुपवर लिहायच्या आधी मला फोन करा, असंही सांगितलं. त्यावर "बघू" म्हणाल्या.

मिस्टर अजून रागात आहेत. सगळ्यांसमोर बोलल्या, तर सगळ्यांसमोरच त्यांना सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मीनाक्षी_ताई

त्यांनी भावाशी बोलावं, तेही फोनवर. ग्रुपवर त्यांनी एक ओळ जरी लिहिली तरी दुपारचा तुमचा फोन वाया जाईल.

दत्ता_काका

मिस्टरांना माझ्याकडून सांगा, आठवडाभर थांबा. हे तरी माझं ऐका.