कार्डावर पहिली ओळ वेळेची हवी

«मुलाला आकडी येते. शाळेसाठी कार्ड करतेय. सगळ्यात वर काय लिहू?»

ताई, सगळ्यात वर ‘घड्याळ बघा’ लिहा. माझ्या भाच्याला अमळनेरजवळच्या शाळेत फिट आली तेव्हा एकाने कांदा हुंगवला, दोघांनी हात दाबून धरले, कुणी दातांत चमचा घातला. दाताचा टवका उडाला. डॉक्टरांनी किती वेळ चालली विचारलं, तर कुणी दोन मिनिटं म्हणे, कुणी दहा. त्या उत्तरावरच तर पुढचं सगळं ठरतं.

बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तोवर बाक, दप्तर बाजूला करायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं. हातपाय दाबायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही. जीभ गिळली जात नसते. झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नको. नंतर पोर झोपाळलेलं असतं, झोपू द्या, फक्त जवळ बसा.

पाच मिनिटं झाली तरी थांबेना, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा झटका आला, तर १०८. मार लागला, श्वास नीट चालेना, तरीही. डॉक्टरांनी मिडाझोलमचा नाकातला स्प्रे दिला असेल तर कोणत्या मिनिटाला किती फवारे, हे त्यांच्याकडूनच कार्डावर लिहून घ्या. मात्रा वजनावर असते, दरवर्षी बदलून घ्या. स्प्रे कपाटात कुलूपबंद नको, बाईंच्या टेबलात हवा.