‘इतका… की’ इंग्रजीत लिहिताना : बेळगाव सीमाभागातील अनुभव धागा

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मागच्या चाचणीत मी भाषांतरासाठी एक साधे वाक्य दिले होते : ‘बसमध्ये इतकी गर्दी होती की मला चढता आले नाही.’ अशा बसचा अनुभव प्रत्येकाला रोजचाच असल्यामुळे वाक्य सोपे जाईल असे मला वाटले होते. उत्तरे मात्र अशी आली : ‘द बस वॉज टू क्राउडेड दॅट आय कुड नॉट गेट इन.’ ‘द बस वॉज टू क्राउडेड टू नॉट गेट इन.’ ‘इन द बस वॉज सो क्राउड दॅट आय कुड नॉट गेट इन.’ ‘द बस वॉज सच क्राउडेड दॅट…’ ‘द बस वॉज सो क्राउडेड दॅट आय कुड नॉट गेट इन’ हे नीट उत्तर फार थोड्यांनी लिहिले. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्यांच्यामागे काही हिशेब आहे असे मला वाटते. आपण शिकताना किंवा शिकवताना ‘सो’, ‘सच’, ‘टू’ आणि ‘इनफ’ यांच्याशी कसे झगडलात, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

निपाणीहून, निवृत्त इंग्रजी शिक्षक

बाई, आपण दिलेल्या वाक्यातच अडचणीचे मूळ आहे. मराठीत ‘गर्दी’ हे नाम आहे, तर इंग्रजीत बसचे वर्णन ‘क्राउडेड’ या विशेषणाने होते. आपल्या भाषेत अशा कितीतरी गोष्टी नामाने सांगितल्या जातात : भूक लागते, थंडी वाजते, तहान लागते, राग येतो. त्यामुळे ‘मला इतकी भूक लागली की’ याचे मूल सरळ ‘सो हंगर दॅट’ करते, कारण त्याच्या मनात ‘भूक’ हे नामच असते. तिथे ‘आय वॉज सो हंग्री दॅट’ लागते. शिवाय मराठीतील ‘इतका’ नामाप्रमाणे फिरतो : इतका पाऊस, इतकी गर्दी, इतके पाणी. विशेषणापुढेही तोच येतो : इतका उंच, इतकी गोड. इंग्रजीत या दोन जागांसाठी वेगवेगळे शब्द आहेत याची सूचना मराठी आपल्याला देतच नाही.

मी वर्गात एकच प्रश्न विचारायला लावत असे : ‘दॅट’च्या आधीचा शेवटचा शब्द कोणता? तो विशेषण असेल, तर ‘सो’ : ‘सो क्राउडेड दॅट’. विशेषणानंतर नाम येत असेल, किंवा नुसतेच नाम असेल, तर ‘सच’ : ‘सच अ क्राउडेड बस दॅट’, ‘सच अ क्राउड दॅट’. एवढ्यावर निम्म्याहून अधिक वह्या सुधारत. उरलेल्यांचे घोडे ‘मेनी’ आणि ‘मच’पाशी अडत असे. ‘इतकी माणसे’ यात शेवटी नाम आहे म्हणून मुले ‘सच मेनी पीपल’ लिहीत. तिथे नाम असले तरी ‘सो मेनी पीपल’, ‘सो मच वॉटर’ हेच बरोबर, कारण ‘सो’ येथे ‘मेनी’ला आणि ‘मच’ला चिकटतो, नामाला नाही. आणि ‘सच अ हेवी रेन’ लिहिणाऱ्यांना मी विचारत असे, ‘एक पाऊस, दोन पाऊस मोजतोस का रे?’ मोजता येत नाही म्हणून ‘अ’ नको : ‘सच हेवी रेन’. वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, ‘सर, आमच्याकडे जूनचा पाऊस एकच असतो, तो ऑक्टोबरात थांबतो.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

चिकोडीहून, बँकेत नोकरी

हे फार अवघड करून ठेवले आहे. आम्हाला शाळेत एक सूत्र दिले होते आणि त्यावर मी दहावी पार केली. ‘सो… दॅट’ दिसले की ‘सो’च्या जागी ‘टू’ घालायचे, ‘दॅट’ आणि ‘नॉट’ काढायचे आणि ‘टू’ लावून क्रियापद ठेवायचे. ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ याचे ‘ही इज टू वीक टू वॉक’. दोन्हींचा अर्थ एकच, त्यामुळे कोणतेही वाक्य एकातून दुसऱ्यात नेता येते. बाईंच्या मुलांनी ‘टू’ घेतले, पण ‘दॅट’ काढायला विसरली, इतकाच दोष आहे.

निपाणीहून, निवृत्त इंग्रजी शिक्षक

आपले सूत्र नकारापुरते चालते, म्हणून ते अर्धे खरे आहे. ‘ही वॉज सो हॅपी दॅट ही डान्स्ड’ या वाक्याला ते लावून पाहा : ‘ही वॉज टू हॅपी टू डान्स’. आनंदाने नाचलेला माणूस आता आनंदामुळे नाचूच शकला नाही! ‘टू’मध्ये ‘प्रमाणाबाहेर, म्हणून जमत नाही’ हा अर्थ आधीच भरलेला असतो. म्हणून ‘टू क्राउडेड टू नॉट गेट इन’ लिहिणाऱ्या मुलाने मराठीतील ‘नाही’ दोनदा मांडले : एकदा ‘टू’च्या पोटात आणि एकदा उघड. ‘सो… दॅट’ मात्र परिणाम सांगते, मग तो होकारी असो वा नकारी. त्याच बसबद्दल ‘द बस वॉज सो क्राउडेड दॅट आय स्टूड ऑल द वे’ असे म्हणता येईल; ते ‘टू’ने सांगता येणार नाही.

आणि ‘दॅट काढायला विसरली’ हेही मला पटत नाही. मूल ‘की’ लिहीत असते. ‘इतका’ म्हटले की ‘की’ हवाच, ही मराठीची सवय आहे. ‘फार’ म्हटले तरी मनात पुढचा ‘की’ उभाच असतो. तो ‘की’ इंग्रजीत ‘दॅट’ होऊन ‘टू’च्या मागे येऊन बसतो. परीक्षेत ‘रिमूव्ह टू’ हा प्रश्न वर्षानुवर्षे आल्यामुळे ही दोन रूपे मुलांच्या डोक्यात जुळी भावंडे झाली आहेत, हेही त्याचे एक कारण असावे.

संकेश्वरहून, गृहिणी

‘टू’चा मला नेहमीच गोंधळ होतो. माझी मुलगी सांगते की ‘आय टू वॉन्ट टी’ म्हणण्यापेक्षा ‘आय वॉन्ट टी टू’ असे शेवटी घेणे चांगले. एकाच वाक्यात दोन ‘टू’ आले की कोणता कुठला ते मला कळत नाही. ‘मलाही’मधला ‘ही’ मराठीत शब्दाला चिकटून येतो, तसा इंग्रजीत का येत नाही, हे कोणी सांगावे.

*(धागाकर्ती : ताई, तो ‘सुद्धा’ या अर्थाचा ‘टू’ आहे, आणि इथे ‘जास्तच’ या अर्थाचा ‘टू’ चालला आहे. दोन्हींचे स्पेलिंग सारखेच, म्हणून घोटाळा होणे स्वाभाविक आहे.)*

बेळगावहून, पूर्वी गोव्यात हॉटेलच्या स्वागतकक्षात

चोर्ला घाट उतरून पहिल्या नोकरीला गेलो, तेव्हा मला ‘टू’ आणि ‘व्हेरी’ हे एकच वाटत होते. एका परदेशी पाहुण्या बाईंना खोली दाखवताना मी अभिमानाने म्हणालो, ‘मॅडम, धिस रूम इज टू बिग.’ त्या म्हणाल्या, ‘देन शो मी अ स्मॉलर वन.’ मला वाटले, यांना खोली आवडली नाही. दुसरी, लहान खोली दाखवली आणि ती स्वस्त असल्यामुळे त्यांनी तीच घेतली. व्यवस्थापकांनी नंतर समजावले की ‘टू बिग’ म्हणजे नको इतकी मोठी. तरी एक शंका आहेच. बेळगावात आम्ही कुंदा खाऊन ‘टू गुड’ म्हणतो, तेव्हा कोणालाही कुंदा जास्तच चांगला झाला म्हणून नकोसा वाटत नाही. मग ते चूक का?

*(धागाकर्ती : तोंडी बोलण्यात ते चालते आणि सर्वांना कळते. उत्तरपत्रिकेत मात्र मी त्याखाली लाल रेघ ओढते. ही माझी सक्ती योग्य आहे का, याबद्दल मलाच खात्री नाही.)*

शहापूरहून, शिवणकाम करणारी आई

माझ्या मुलीने निबंधात लिहिले होते, ‘माय फ्रॉक इज नॉट इनफ लाँग.’ बाईंनी ते खोडून ‘नॉट लाँग इनफ’ केले. मला कारण कळले नाही, कारण मराठीत ‘पुरेसा’ आधीच येतो. पण मग विचार केला, गिऱ्हाईक समोर असताना मी ‘पुरेसा लांब नाही’ असे कधी म्हणते का? मी म्हणते, ‘आखूड पडतो’ किंवा ‘लांबी पुरत नाही’. ‘पुरेसा लांब’ हे मुलीने इंग्रजीसाठी बनवलेले मराठी होते. ‘आखूड पडतो’ वरून निघाली असती, तर तिला ‘टू शॉर्ट’ सहज सुचले असते. पैशांच्या बाबतीत तिचे बरोबर आले, कारण तिथे नाम आहे : ‘इनफ मनी’. म्हणजे नामाआधी इनफ आणि विशेषणानंतर इनफ, असे मी वहीच्या मागे लिहून ठेवले आहे. चहाबद्दल लिहिताना तिने ‘टू हॉट टू ड्रिंक इट’ असे शेवटी ‘इट’ही लावले होते, चहाचे नाव वाक्यात आधीच आले आहे, ते पुन्हा कशाला, असे बाई म्हणाल्या.

हुक्केरीहून, कन्नड माध्यमाच्या शाळेत शिक्षक, घरी मराठी

माझ्या वर्गातील चुका वेगळ्या येतात. कन्नडमध्ये ‘चहा एष्टु बिसि इत्तेंदरे’ असे सांगतात. ‘एष्टु’ म्हणजे ‘किती’ आणि ‘एंदरे’ म्हणजे साधारण ‘म्हणजे’. एका मुलाने ‘टी वॉज हाऊ हॉट मीन्स आय कुड नॉट ड्रिंक’ असे लिहिले होते. मराठी घरातली मुले ‘दॅट’ नको तिथेही घालतात आणि ही मुले तो शब्द हवा तिथेही घालत नाहीत. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेली मुले काय करतात, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. काही जण दोन्ही चुका एकाच वाक्यात करतात.

जाता जाता, निपाणीच्या सरांना एक प्रश्न. ‘ही इज रिच इनफ दॅट ही कॅन बाय अ कार’ हे मी इंग्रजी वर्तमानपत्रात वाचल्यासारखे वाटते. माझ्या शिक्षकांनी ‘इनफ’नंतर फक्त ‘टू’ येतो असे शिकवले होते.

निपाणीहून, निवृत्त इंग्रजी शिक्षक

मलाही तसेच शिकवले होते आणि मीही तसेच शिकवले. ‘इनफ दॅट’ लिहिले जाते, हे खरे आहे. मी ते चूक धरत नाही, पण दहावीच्या मुलाला ‘रिच इनफ टू बाय’ हेच द्यावे, कारण त्याच्यामागे ‘की’ आधीच टपून बसलेला असतो. बाईंचे मत वेगळे असू शकते.

धागाकर्ती

माझे मत वेगळे आहे. वाचायला मिळणारे रूप चूक म्हणून शिकवणे मला जड जाते. त्यावर पुन्हा बोलू.

शिवणकाम करणाऱ्या ताईंचा मुद्दा मी या आठवड्यात वर्गात वापरून पाहिला. भाषांतराआधी मुलांना तेच मराठी वाक्य दुसऱ्या तऱ्हेने सांगायला लावले. ‘बसमध्ये इतकी गर्दी होती’ याचे कोणी ‘बस गच्च भरली होती’ केले, तेव्हा ‘गर्दी’ हे नाम गेले आणि त्या मुलांना ‘द बस वॉज सो फुल दॅट’ लिहिणे सोपे गेले. ‘मला चढताच येईना एवढी भरलेली’ असे म्हणणाऱ्या मुलीने ‘टू फुल फॉर मी टू गेट इन’ लिहिले. त्यातला ‘फॉर मी’ तिने कुठून आणला हे तिलाही सांगता आले नाही, पण तो योग्य होता.

मग एका मुलाने स्वतःहून वाक्य दिले : ‘पाऊस काही इतका नव्हता की शाळा बुडवावी.’ अर्ध्या वर्गाने ‘द रेन वॉज नॉट सो हेवी दॅट वुई हॅड टू मिस स्कूल’ लिहिले आणि अर्ध्याने ‘द रेन वॉज नॉट हेवी इनफ टू कीप अस अ‍ॅट होम’. दोन्ही मी बरोबर धरली. पण एका उत्तरात शाळा बुडवावी लागली असती असे येते आणि दुसऱ्यात पावसाने घरी डांबून ठेवले असते असे येते. त्या मुलाच्या मराठी वाक्यात मात्र ‘बुडवावी’ हा त्याच्या मनाचा मामला होता, सक्ती नव्हती. तो अर्थ इंग्रजीत कसा आणावा, हे मी अजून शोधते आहे.