धडधाकट बँक झुंबडीने बुडते, हे खरं की नुसती समजूत?

अर्धा_हिशेब:
कर्जं चांगली, भांडवल पुरेसं, घोटाळा नाही, तरी सगळे ठेवीदार एकदम आले की बँक बुडते, असं नेहमी ऐकतो. देण्यांपेक्षा मालमत्ता जास्त असेल तर पैसे कमी पडतील कसे? आणि ठेव विमा असताना लोक रांगा का लावतात? माझं मत असं की बुडते ती बँक आधीच पोखरलेली असते, रांग फक्त निमित्त. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी उदाहरण देऊन सांगावं.

सडेतोड:
शंभर टक्के सहमत. बँक बुडाली की संचालक म्हणतात, "अफवेने घात केला." ताळेबंद उघडला की आतून भलतंच निघतं. ठेवीदाराला वेडा ठरवणं सोपं असतं. तो सहसा उशिरा जागा होतो, उगाच जागा होत नाही.

निवृत्त_ट्रेझरीवाला:
उदाहरण मागितलंत, घ्या. शंभर ठेवीदार, प्रत्येकाचा एक रुपया. बँकेचं स्वतःचं भांडवल आठ. म्हणजे एकशे आठ रुपये कामाला लागलेत: दहा रोख, वीस रोख्यांत, अठ्ठ्याहत्तर कर्जात. एकही कर्ज थकलेलं नाही. मुदतीपर्यंत थांबलं तर पै अन् पै वसूल होणार. यापेक्षा धडधाकट बँक शोधून सापडणार नाही.

आता लोक यायला लागले. पहिले दहा जण रोख घेऊन गेले. पुढच्यांसाठी रोखे विकले. घाई बाजाराला दिसतेच, त्यामुळे विसाचे एकोणीस आले. एकोणतीस जण गेले, बँकेचं नुकसान फक्त एक रुपया. इथवर काही बिघडलेलं नाही.

तिसाव्या माणसापासून कर्जं विकावी लागतात. वीस वर्षांचं गृहकर्ज दुपारपर्यंत घेणारा गिऱ्हाईक म्हणतो, मला त्या कर्जदाराची माहिती नाही, मी रुपयाला ऐंशी पैसे देईन. पस्तीसची कर्जं विकली की अठ्ठावीस हातात येतात आणि सात भांडवलातून जातात. म्हणजे सत्तावन्न जणांना पैसे मिळेपर्यंत भांडवल शून्यावर आलेलं असतं. अठ्ठावन्नावा माणूस खिडकीवर आला की तीच बँक दिवाळखोर. सगळं फुंकून टाकलं तरी एक्याण्णव रुपये आणि वर चिल्लर, एवढंच जमतं. शेवटच्या नऊ जणांच्या हाती जवळपास काहीच लागत नाही.

"मालमत्ता जास्त तर पैसे कमी कसे पडतील" याचं उत्तर त्या ऐंशी पैशांत आहे. एकशे आठ हा आकडा थांबणाऱ्याचा. घाई करणाऱ्यांसाठी तीच मालमत्ता साडेएक्याण्णवचीही नाही.

आणि बँक उत्तम आहे हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्यालाही रांगेत उभं राहावंसं वाटतं. त्याला बँकेचा नाही, बाकीच्या नव्याण्णवांचा भरवसा नसतो. शेवटच्या नवांत आपण नको, एवढाच हिशेब. त्याला वेडा म्हणता येत नाही, इथे सडेतोड यांच्याशी मी सहमत आहे.

सडेतोड:
कागदावरची बँक कागदावर बुडवलीत. खरी दाखवा, जिच्यात खरंच खोट नव्हती.

वाचनवेडी:
जपानमधली तोयोकावा शिनकिन. डिसेंबर 1973. तेलसंकटाचे दिवस, लोक आधीच धास्तावलेले. आगगाडीतून जाणाऱ्या शाळकरी मुलींमधली एक म्हणाली की आपल्याला त्या बँकेत नोकरी लागणार. मैत्रिणीने थट्टा केली, "बँकेत धोका असतो बाई," म्हणजे दरोड्याचा. मुलीने घरी विचारलं, घरच्यांनी नातेवाइकांना विचारलं, आणि दोनचार दिवसांत "धोका असतो" याचं "ती बँक धोक्यात आहे" झालं. मग कपडे धुण्याच्या दुकानात कोणीतरी फोनवरून घरी सांगितलं की बँकेतून मोठी रक्कम लगेच काढ. त्याला ती धंद्यासाठी हवी होती, अफवेचा पत्ताही नव्हता. दुकानातल्या बाईंनी ते ऐकलं आणि ओळखीपाळखीच्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी शाखेसमोर रांग. पुढे पोलिसांनी अफवेचा माग काढला तो थेट त्या आगगाडीतल्या गप्पांपर्यंत. बँकेत खोट नव्हती.

सडेतोड:
आणि बुडाली का ती?

वाचनवेडी:
नाही. जपानच्या मध्यवर्ती बँकेने जाहीरपणे पाठराखण केली. ती नसती तर काय झालं असतं ते वरच्या हिशेबात आहेच. गंमत अशी की जपानमध्ये ठेव विमा 1971 पासून होता, तरी लोक आले.

अनुजा_क:
जरा वेगळं विचारते. माझ्या सासऱ्यांनी एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी ठेवल्यात, दोन्ही मर्यादेच्या जरा आत. म्हणतात विमा दुप्पट झाला. मागे त्यांच्या एका बँकेवर निर्बंध आले होते आणि पैसे कित्येक महिने अडकले होते, म्हणून आता ते फार सावध असतात. बरोबर केलंय ना त्यांनी?

निवृत्त_ट्रेझरीवाला:
नाही, ताई. बहुतेक देशांत मर्यादा दर बँकेमागे दर ठेवीदाराला असते. एका नावावरच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात. वाटायच्याच असतील तर वेगवेगळ्या बँकांत वाटायला सांगा. पण "कित्येक महिने अडकले" म्हणालात ते या चर्चेला फार जवळचं आहे. मी पुढे लिहायचंच म्हणत होतो.

विमा असून रांग का, याला नॉर्दर्न रॉकइतकं स्वच्छ उदाहरण नाही. ब्रिटन, सप्टेंबर 2007. ही बँक गृहकर्जं द्यायची, पण त्यासाठीचा बराचसा पैसा ठेवीदारांकडून नव्हे तर घाऊक बाजारातून उचलायची. ऑगस्टमध्ये तो बाजार गोठला. कर्जदार हप्ते भरत होते, तरी बँकेला रोज लागणारा पैसा आटला. तिने बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागितली. 13 सप्टेंबरच्या रात्री ही बातमी फुटली. लोकांनी तिचा अर्थ "मदत मिळाली" असा न घेता "मदत मागण्याची वेळ आली" असा घेतला. सकाळी रांगा. वेबसाइट कोलमडली. ज्यांची खाती फक्त इंटरनेटवर होती तेही मग शाखांत आले. शाखा मोजक्याच, त्यामुळे रांगा लांबलचक आणि टीव्हीवर दिवसभर तेच दृश्य.

विमा होता. पहिले 2,000 पौंड पूर्ण आणि पुढच्या 33,000 चे नव्वद टक्के. म्हणजे जास्तीत जास्त 31,700. आता 20,000 पौंड ठेवलेल्या माणसाच्या जागी उभं राहा. बँक बुडाली तर 1,800 पौंड जाणार, आणि उरलेले कधी हातात पडतील याची खात्री नाही. याच्या बदल्यात काय खर्च? एक सकाळ रांगेत. कोणीही रांगेतच उभा राहील. नव्वद टक्क्यांचा विमा नव्वद टक्के झुंबड थांबवत नाही, जवळजवळ काहीच थांबवत नाही.

सोमवारी, 17 तारखेला संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी तिथल्या सगळ्या ठेवींची हमी दिली आणि रांगा ओसरल्या. ऑक्टोबरपासून नियम बदलून पहिले 35,000 पूर्ण सुरक्षित केले. विम्याचा खरा उपयोग बँक बुडाल्यावर पैसे देण्यात नाही, आज रांगेत जायचं कारणच काढून घेण्यात आहे. म्हणून तो मर्यादेपर्यंत पूर्ण हवा आणि पैसे दिवसांत मिळायला हवेत, महिन्यांत नव्हे. अनुजाताईंच्या सासऱ्यांना जे शिकायला मिळालं ते शिकलेला माणूस पुढच्या वेळी पहाटेच शाखेत जाईल.

अर्धा_हिशेब:
हिशेब कळला. पण नॉर्दर्न रॉक "धडधाकट" कशी? रोज उधारीवर जगणं हीच तर पोखर.

निवृत्त_ट्रेझरीवाला:
हा वाद रास्त आहे आणि तो कधी मिटलेला नाही. माझं म्हणणं, कर्जं बुडीत असणं एक आणि पैसा कमी मुदतीचा असणं दुसरं. दुसरं प्रत्येक बँकेत असतं, कुठे थोडं, कुठे बेफाम. ते शून्यावर आणलंत तर ती बँक उरत नाही, तिजोरी होते.

सडेतोड:
मग होऊ दे तिजोरी! ठेवी पूर्ण रोखीत ठेवा, कर्जं भागधारकांच्या पैशातून द्या. ना झुंबड, ना विमा. तुमच्या पूर्ण विम्याने काय केलं ते अमेरिकेने पाहिलंय. 1980 मध्ये मर्यादा 40,000 वरून 1,00,000 डॉलर केली. तिथल्या गृहकर्ज देणाऱ्या बचत संस्था व्याजदर वाढल्याने आधीच खंगल्या होत्या. भांडवल संपलेल्या संस्थाही जास्त व्याजाचं आमिष दाखवून ठेवी ओढत राहिल्या आणि तो पैसा जमिनी-इमारतींच्या जुगारात लावत राहिल्या. ठेवीदार बिनघोर, कारण विमा. मालकाला गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. शेवटी करदात्यांच्या माथी सुमारे 12,400 कोटी डॉलर. रांगेची भीती हाच बँकेवरचा एकमेव फुकटचा पहारेकरी, आणि तुम्ही त्याला घरी पाठवता.

वाचनवेडी:
पहारेकरी म्हणाल, तर तो चोर आणि साव ओळखत नाही. तोयोकावात त्याने कोणाला धरलं? आणि 2,000 पौंडवाल्या आजोबांनी ताळेबंद वाचून पहारा द्यायचा?

सडेतोड:
आजोबांनी नको, मोठ्यांनी द्यावा.

निवृत्त_ट्रेझरीवाला:
मोठ्यांचा पहारा 2023 मध्ये दिसला. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त विम्याच्या 2,50,000 डॉलर मर्यादेबाहेर होत्या, बहुतेक कंपन्यांच्या. बँकेने लांब मुदतीचे रोखे भरले होते आणि व्याजदर चढल्याने त्यांची किंमत पडलेली होती. हे तिच्या जाहीर ताळेबंदात कित्येक महिने दिसत होतं. मोठे, शहाणे, गुंतवणूकदारांचे सल्ले घेणारे ठेवीदार गप्प बसले. 8 मार्चला बँकेने रोखे विकून 180 कोटी डॉलर तोटा झाल्याचं आणि भांडवल उभारणार असल्याचं सांगितलं. 9 मार्चला एका दिवसात 4,200 कोटी डॉलर गेले आणि दुसऱ्या दिवसासाठी आणखी 10,000 कोटींच्या मागण्या आल्या. रांग दिसलीच नाही, सगळं फोनवरून. 10 तारखेला बँक बंद. पहारेकरी झोपलेला होता आणि जागा झाला तो घर पेटवूनच.

सडेतोड:
आणि 12 मार्चला सरकारने विम्याबाहेरच्यांचेही सगळे पैसे सुरक्षित केले. मग झोपेल नाही तर काय करेल? पुढच्या वेळीही देतील हे त्याला आता माहीत आहे. आणि ही बँक तुमच्या यादीतून काढा, ती पोखरलेलीच होती.

निवृत्त_ट्रेझरीवाला:
काढली. ती मध्ये कुठेतरी बसते. रोखे मुदतीपर्यंत ठेवता आले असते तर पूर्ण पैसे परत आले असते, पण तोवर ठेवीदारांना बाजाराएवढं व्याज द्यायचं तर ती दरवर्षी झिजली असती.

अनुजा_क:
पण त्या कंपन्यांच्या खात्यात कामगारांचे पगार होते ना? महिन्याचा पगार 2,50,000 डॉलरच्या आत कसा बसवायचा? सासऱ्यांसारखं दहा बँकांत वाटत बसायचं का त्यांनी?

निवृत्त_ट्रेझरीवाला:
अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात हाच पर्याय उचलून धरला: सगळ्यांची मर्यादा उठवू नका, पण धंद्याच्या देण्याघेण्याच्या खात्यांना बरीच मोठी मर्यादा द्या.

सडेतोड:
आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक कंपनीचा सगळा पैसा "देण्याघेण्याच्या खात्यात" दिसेल. ते कोण तपासणार?