अनुभव धागा: लहान मुलांची रात्रीची झोप, मोबाइल, घरातला उजेड आणि उशिराची दंगामस्ती

सईची आई

आमची मुलगी 22 महिन्यांची आहे आणि आम्ही ठाण्यात वन-बीएचकेमध्ये राहतो. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तिला झोपायला रोज रात्रीचे सव्वाअकरा वाजत असत. सकाळी मला कामावर जाण्यासाठी तिला सव्वासातला उठवून पाळणाघरात सोडावे लागते, त्यामुळे रोजची सकाळ रडण्यानेच सुरू व्हायची, आणि रविवारी मात्र ती साडेनऊपर्यंत गाढ झोपायची. सगळ्यांनी एकमुखाने मोबाइलला दोष दिला, आणि तो खराही होता, कारण रात्री जेवताना तिच्यापुढे पाऊण तास बडबडगीते चालू असत. आम्ही आठनंतर मोबाइल पूर्ण बंद केला. तीन दिवस ती ताटापुढे किंचाळली, चौथ्या दिवसापासून जेवू लागली, पण आठवडाभराची वही पाहिली तर झोपेची वेळ जेमतेम पंधरा मिनिटांनी अलीकडे आली होती. मग आम्ही आणखी काय बदलले ते पुढे सांगते. आधी इतरांनी आपापल्या घरचे अनुभव लिहावेत. मूल किती महिन्यांचे आहे, दुपारी किती वाजता झोपते आणि घरात दिवे कसे आहेत, एवढे आवर्जून लिहावे.

रात्रपाळी

आमच्याकडे हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. टॅबमध्ये रात्रीसाठी पिवळसर पडद्याची सोय असते, ती संध्याकाळी सातला आपोआप चालू होते. झोपेला त्रास देतो तो निळा प्रकाश, तोच काढून टाकल्यावर अडचण उरत नाही. मुलगा अडीच वर्षांचा आहे, प्राण्यांचे व्हिडिओ पाहत पाहत झोपतो. मध्यरात्री एक-दोनदा उठतो आणि टॅब मागतो, पण तेवढे चालायचेच.

प्राजक्ता, पुणे

मी लहान मुलांच्या झोपेच्या तक्रारींवर बरीच वर्षे काम करते आहे. वरच्या प्रतिसादातले निम्मे बरोबर आहे. डोळ्यांतल्या ज्या पेशी शरीराच्या घड्याळाला उजेडाची वर्दी देतात, त्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, हे खरे आहे. परंतु पडदा पिवळा केला तरी तेजस्वीपणा तसाच राहिला तर वर्दी पोहोचतेच, आणि दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रे मुलाला जागे ठेवतात ती रंगामुळे नव्हे. तो मध्यरात्री उठून टॅब मागतो, ही गोष्ट मी सोडून देणार नाही. सगळीच मुले रात्री अनेकदा अर्धवट जागी होतात आणि आपली आपण पुन्हा झोपतात. मात्र डोळे मिटताना जी वस्तू समोर होती, तीच त्यांना त्या वेळी हवी असते.

आता उजेडाविषयी. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर याचे प्रयोग झाले आहेत. 2018मधल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी तासभर मुलांना प्रखर उजेडाच्या टेबलावर खेळू दिले, तेव्हा झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन सरासरी 88 टक्क्यांनी दबले, आणि दिवा मालवल्यानंतर पन्नास मिनिटांनीही ते नीट वर आले नव्हते. 2022मध्ये त्याच गटाने मंद उजेडातही ते मोठ्या प्रमाणात दबते असे दाखवले. लहानांच्या डोळ्यातली बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असल्यामुळे तोच उजेड त्यांच्या आत जास्त पोहोचतो. मात्र त्या मुलांना प्रयोगाआधी मंद उजेडात ठेवले होते, पहिल्या प्रयोगात मुले दहाच होती, आणि दोन वर्षांखालचे एकही नव्हते. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या दिवाणखान्यात आणू नये.

सईच्या आईला माझा प्रश्न असा आहे की, मोबाइल बंद झाल्यावर घरातली ट्यूब किती वाजेपर्यंत चालू असते, आणि पाळणाघरात ती दुपारी किती वाजता उठते?

गोट्याची आई

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. आम्ही टीव्ही बंद केला, दिवे मंद केले, गोष्टी सांगितल्या, तरी तो रात्रभर कूस बदलतो, तोंड उघडे ठेवून घोरतो आणि सकाळी चिडचिडा उठतो. झोपायला मात्र त्याला दहाच मिनिटे लागतात. यापेक्षा अधिक मंद दिवा कोणता घ्यावा?

प्राजक्ता, पुणे

कृपया दिवा घेऊ नका. जे मूल दहा मिनिटांत झोपते, त्याचा प्रश्न उजेडाचा नाही. रोज घोरणे, तोंडाने श्वास घेणे आणि अस्वस्थ झोप हे एकत्र असेल तर नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढले आहेत का, हे बालरोगतज्ज्ञांना आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तो झोपेत असताना एक-दोन मिनिटांचे चित्रण करून घेऊन जावे. श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल तर दिरंगाई करू नये.

कुडाळची आजी

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता असे मी म्हणणार नाही, माझा धाकटा रात्री बारापर्यंत जागवायचा. पण पावसाळ्यात दिवे गेले की तोच मुलगा कंदिलाच्या उजेडात साडेआठला पेंगायचा, हे मला तेव्हाही नवल वाटत असे. आता नातू सुट्टीत येतो. इथे रात्री पडवीत एकच दिवा असतो, आणि तो दोन दिवसांत नऊला झोपायला लागतो. मुंबईला परत गेला की चार दिवसांत पुन्हा अकरा. सून म्हणते हवेचा परिणाम आहे. तो दिवसभर अंगणात उन्हात हुंदडतो, त्याचा किती आणि दिव्याचा किती, हे मला सांगता येत नाही. तरी पायाला तेल चोळल्याशिवाय मूल झोपत नाही यावर मी ठाम आहे.

एडिंबरोहून

आमचा अनुभव उलटा आहे. इथे जूनच्या अखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दोन वर्षांच्या मुलीला आम्ही पडदा ओढून साडेसातला झोपवायला न्यायचो, तर ती पडद्याच्या फटीकडे बोट दाखवून "सकाळ, सकाळ" म्हणायची. शेवटी खिडकीच्या काचेवर काळे कापड चिकटपट्टीने चारही कडांनी लावले, तेव्हा फरक पडला. शिवाय भारतातल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल आम्ही संध्याकाळी करत होतो, तो सकाळच्या नाश्त्याच्या वेळी नेला. त्यात स्क्रीनचा दोष कमी आणि आनंदाचा जास्त होता. कॉल संपल्यावर ती तासभर उड्या मारायची.

फोंडेकर

गोव्यात चवथीला आमच्या मूळ घरी पाच दिवस चाळीस माणसे असतात. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली दिव्यांच्या माळा, रात्री उशिरापर्यंत आरत्या आणि चुलत भावंडांचा गोंधळ. पावणेदोन वर्षांचा मुलगा तीन रात्री साडेबाराला झोपला, आणि झोपल्यावर तासाभराने दचकून रडत उठला. घरी परतल्यावर सुरळीत व्हायला पाच दिवस लागले. पुढच्या वर्षीही नेणार आहोत. चवथ चुकवण्याइतकी ही गोष्ट मोठी नाही.

सईची आई

प्राजक्ताताईंच्या प्रश्नांची उत्तरे वहीतून देते. ट्यूब आम्ही झोपेपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत चालू असे, कारण स्वयंपाकघर आणि बसण्याची खोली एकच आहे. फोनमधल्या उजेडाच्या मापकाने मोजले, तर ट्यूबखाली तिच्या डोळ्यांच्या उंचीवर दीडशेच्या आसपास लक्स येत होते आणि मोबाइलपासून हातभर अंतरावर तीस-चाळीस. मापक साधेच आहे, पण ज्याच्या मागे आम्ही लागलो होतो, त्याच्यापेक्षा छतावरचा दिवा कितीतरी पटींनी प्रखर होता. पाळणाघरात विचारले, तेव्हा ती साडेतीनला झोपून पावणेसहापर्यंत झोपते असे कळले. मोठ्या मुलांच्या गोंधळामुळे तिथल्या ताई तिला उशिरा झोपवत असत.

तिसरी गोष्ट लिहायला थोडी संकोचवाणी वाटते. तिचे बाबा लोकलने सव्वानऊला घरी येतात. बापलेकीची दिवसातली तीच वेळ, त्यामुळे हवेत उडवणे, पलंगावरून उड्या, लपाछपी असे दहापर्यंत चाले. ते बंद करा असे सांगणे मला शक्य नव्हते आणि योग्यही वाटले नाही.

शेवटी आम्ही पुढीलप्रमाणे केले. ताईंशी बोलून दुपारची झोप एक ते तीन अशी आणली. साडेआठला ट्यूब बंद करून ओट्यावर एक छोटा दिवा आणि खोलीत कपाटाच्या मागे पिवळा झिरोचा दिवा, एवढाच उजेड ठेवला. उड्यांचा खेळ बाबांनी शनिवार-रविवारी सकाळी गच्चीवर नेला, आणि रात्री ते तिला कोमट पाण्याने अंग पुसून देतात, मग मांडीवर घेऊन एकच पुस्तक दोनदा वाचतात. झोपण्याची वेळ आम्ही एकदम नऊवर ओढली नाही. ती खरोखर झोपत होती त्या वेळेलाच, म्हणजे अकराला आडवे केले, आणि दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आलो. रविवारी सकाळी साडेसातच्या पुढे झोपू दिले नाही, हे मला सर्वांत जड गेले. पाच आठवड्यांनी ती साडेनऊच्या सुमारास झोपू लागली. पूर्वी रात्रीची आणि दुपारची मिळून सव्वादहा तास होत होती, आता पावणेबारा होतात.

प्राजक्ता, पुणे

दोन वर्षांच्या आसपास दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप अपेक्षित असते, त्यामुळे हा बदल खरा आहे. परंतु तुम्ही इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलल्या की श्रेय कोणाला द्यावे हे तुमच्या वहीवरून सांगता येणार नाही. माझा स्वतःचा कौल दुपारच्या झोपेला आहे. पावणेसहाला उठलेले मूल नऊला झोपेल, अशी अपेक्षा मी ठेवली नसती. 2024मध्ये लंडनमध्ये 105 कुटुंबांबरोबर झालेल्या चाचणीत 16 ते 30 महिन्यांच्या मुलांना झोपेपूर्वीचा तासभर सात आठवडे पडद्यापासून दूर ठेवले होते. तिथे झोपेत सुधारणा दिसली, पण ती लहानच होती. तुमच्या पहिल्या आठवड्याच्या पंधरा मिनिटांशी ते जुळते.

रात्रपाळी

मी टॅबऐवजी उशीशेजारी गाण्याचा स्पीकर ठेवून पाहिला. दोन रात्री गेल्या, दोन्ही वाईट गेल्या. काल पहाटे तीनला तो उठला आणि स्पीकर पाहून "हे नको" म्हणाला. हे किती दिवस चालते?

सईची आई

आमच्याकडे ताटापुढचे रडणे तीन दिवस चालले, पण ते जेवणाचे होते, रात्रीचे नव्हे. ज्यांच्या मुलांनी मध्यरात्रीचा टॅब सोडला आहे, त्यांनी दिवसांच्या हिशेबासह लिहावे. आमच्याकडे काल लोकल उशिरा आली, बाबा दहाला पोहोचले, सई जागी होती आणि दोघांनी अंधारात कपाटामागे लपाछपी खेळली. झोप पावणेअकराला. वहीत तसेच लिहिले आहे.