मदत हवी आहे: फीवाढीच्या प्रस्तावातला चक्राकार युक्तिवाद समितीला पत्रातून कसा दाखवू?

कृष्णधवल
सोमवारी फी समितीची बैठक आहे, त्याआधी पत्र द्यायचंय. प्रस्तावाचा युक्तिवाद गोल गोल फिरतो. तोंडी सांगितलं तर "सगळे खर्च खरे आहेत" एवढंच उत्तर मिळालं. माझा मसुदा चार पानी झालाय, तो कोणी वाचणार नाही. एका पानात कसं बसवू?

आकडेमोड
चक्र नेमकं कुठे आहे? प्रस्तावातली वाक्यं जशीच्या तशी द्या.

निवांत
पत्र प्राचार्यांमार्फतच द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. विषयाच्या ओळीत 'विरोध' हा शब्द नको, 'निवेदन' लिहा.

कृष्णधवल
पोच कशी घ्यायची ते माहीत आहे हो! पान २: "प्रति विद्यार्थी खर्च ४६,००० येत असल्याने फी ४०,००० वरून ४६,००० करणे आवश्यक आहे." पान ५: "पुढील वर्षाचा अंदाजित खर्च ४ कोटी ६० लाख." विद्यार्थी १०००. दिसलं ना?

आकडेमोड
नाही दिसलं. खर्च आधी ठरला आणि त्यावरून फी काढली, तर हा साधा भागाकार आहे. हे ४ कोटी ६० लाख कशाकशाचे?

शुक्रतारा
एवढं खोदायचं कशाला? फी खर्चावर आणि खर्च फीवर अवलंबून असेल, तर न्यायशास्त्रात त्याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोष आहे, संपलं. तो शब्दच पत्रात घाला.

आकडेमोड
शुक्रतारा, शब्द बरोबर आहे, पण अवलंबून असणं हाच दोष नव्हे. समजा बाकीचा खर्च प्रत्येकी ४०,५०० आहे आणि जमलेल्या फीतला १० टक्के भाग सवलतींसाठी ठेवायचा आहे. इथे फीवर सवलत आणि सवलतीवर फी अवलंबून आहे, तरी उत्तर एकच येतं, ४५,०००. कारण ४०,५०० हा आकडा बाहेरून आलाय. बाहेरून आलेलं काहीच नसेल, तर कुठलीही फी बरोबर ठरते. पत्रात दाखवायचं ते हे.

कृष्णधवल
पगार ३ कोटी २० लाख, देखभाल आणि इतर ७० लाख, विकास निधी ७० लाख. विकास निधीखाली टीप आहे: "अपेक्षित फी उत्पन्नातून उर्वरित रक्कम."

आकडेमोड
ही टीप पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती! चक्र तिथेच आहे. फी ४२,००० धरा: उत्पन्न ४ कोटी २० लाख, विकास निधी ३० लाख, एकूण खर्च पुन्हा ४ कोटी २० लाख, म्हणजे प्रति विद्यार्थी ४२,०००. फी ४०,००० च ठेवली तर निधी १० लाख आणि खर्च ४०,०००. कुठलाही आकडा घाला, तो 'आवश्यक'च निघतो. पत्रात पान २ चं वाक्य, त्याखाली ही टीप, मग तीन ओळींचं कोष्टक. नंतर एवढाच मजकूर:

"प्रस्तावातील पद्धतीने ४०,०००, ४२,००० आणि ४६,००० या तिन्ही फी सारख्याच आवश्यक ठरतात, म्हणून त्यांपैकी एकही सिद्ध होत नाही. पगार व देखभाल मिळून प्रति विद्यार्थी खर्च ३९,००० आहे. प्रस्तावित ६,००० ची संपूर्ण वाढ विकास निधीत जाते. त्यातील कामांची यादी, प्रत्येक कामाचा अंदाज आणि हे अंदाज फी ठरण्यापूर्वीचे असल्यास त्यांची तारीख मिळावी."

'खर्च खोटे आहेत' असा सूर कुठेही येऊ देऊ नका. तसा आरोप दिसला की ते पावत्या दाखवतील आणि तुमचा मुद्दा बाजूला पडेल. "फी वाढवू नये" हेही यातून सिद्ध होत नाही, तेव्हा तसं लिहू नका.

शुक्रतारा
मग पत्र मिळमिळीतच झालं. अन्योन्याश्रय हा शब्द तरी ठेवा. खरं तर फी, उत्पन्न, निधी, खर्च आणि परत फी, म्हणजे हे चक्रक झालं.

निवांत
ते शब्द समितीत कोणाला कळणार? त्यापेक्षा फी दोन हप्त्यांत घ्यावी अशी विनंती करा, ती मान्य होते.

कृष्णधवल
हप्त्यांचा प्रश्नच नाहीये, निवांत. आकडेमोड, कोष्टक घेते, परिच्छेदही जवळपास तसाच. पण सोमवारी त्यांनी ७० लाखांच्या कामांची यादीच पुढे केली तर?

आकडेमोड
कामांचे अंदाज आधीचे असतील तर चक्र तुटलं. मग ती कामं हवीत का आणि त्यांचा पैसा फीतूनच यावा का, हा वाद वेगळा. त्यात हे पत्र उपयोगी नाही. पण यादीची बेरीज बरोबर ७० लाख आली आणि एकाही कामाला तारीख नसेल, तर यादी उरलेल्या रकमेवरून बेतली असावी असा संशय घ्यायला जागा आहे. तो पुरावा नव्हे, म्हणून बैठकीत तारखाच विचारा.

शुक्रतारा
बेरीज जुळली म्हणून संशय घेणं मला पटत नाही. अंदाजपत्रकात जमा-खर्च जुळवतातच.

आकडेमोड
जुळवतात, मान्य. पण मग जुळलेल्या आकड्याला फीवाढीचं कारण म्हणता येत नाही.